तुम्ही विचारलंत म्हणून : शेल्याची चुणी

"ताई, शेला इतका सुरेख शिवलात, मग मधोमध काठावर ती एक चुणी तशीच का ठेवलीत?"

ठेवली नाही हो, राहिली. पंचवटीतल्या आमच्या घरी, धाकटीच्या लग्नाच्या आदल्या रात्री, अडीच-पावणेतीनला.

आजीची पैठणी घड्यांवर विरली होती, पण काठाची जर अजून चकचकत होती. तो काठ धाकटीच्या लाल रेशमी शेल्याला लावायचा ठरला. हातमागाच्या पैठणीत काठाचे आणि अंगाचे धागे एकमेकांत अडकवून विणलेले असतात. अगदी सांध्यावर कात्री चालवली की काठाचेच धागे सुटायला लागतात. म्हणून आईनं अर्धा इंच अंग सोडून कापायला लावलं. ते अर्धा इंच आत दुमडायचं.

मशीनवर घ्यावं म्हटलं, तर दोन बोटं शिवल्याबरोबर शेला पुढे सरकला आणि काठ मागे राहिला. खालचे दाते खालचंच कापड ओढतात, त्यात रेशीम निसरडं. मग हातशिलाई. आणि वेळ वाचावा म्हणून आम्ही शहाण्या बहिणी एकाच लांब बाजूच्या दोन टोकांना बसलो, दोघींनी मधे यायचं ठरवून.

थंडी अशी की बोटं आखडत होती. डिसेंबरातल्या नाशिकची रात्र, वेगळं काय सांगायचं! मधे पोचलो तेव्हा शेल्याचं कापड संपलं होतं आणि काठ दोन बोटं उरून वर फुगला होता.

"ताई, किती आवळतेस गं!"

"तुझेच टाके ढिले पडलेत, बघ."

दिव्यासमोर आडवा धरल्यावर खरं काय ते दिसलं. माझ्या बाजूला शेल्यावर बारीक लाटा होत्या, तिच्या बाजूला कापड सपाट. जरीचा काठ ताठ असतो, तो आवळत नाही. माझ्या दोऱ्यानं खालचं मऊ रेशीम तेवढं गोळा केलं होतं. म्हणजे चूक माझीच. कबूल करायला मी तरी वीतभर उसवून होईपर्यंत वेळ घेतला.

आधी मधला बिंदू टाचून, तिथून दोन्हीकडे चार-चार बोटांवर टाचण्या लावून, लांब कच्चा टाका घालून घेतला असता तर हे झालंच नसतं. आता माझ्या बाजूचं हातभर उसवलं, उरलेला काठ थोडा थोडा वाटून दिला, आणि या खेपेला सुई धाकटीनं धरली. मी फक्त कापड ताणून धरायचं.

तरी चिमूटभर उरलाच. आणखी उसवायचं म्हटलं, तर जुन्या रेशमात सुईची भोकं बुजत नाहीत. एका जागी तर दोन भोकं मिळून चीर पडायला लागली होती. तिथे थांबलो. वर सुती फडकं टाकून कोमट इस्त्रीनं चुणी दाबून बसवली.

समोरून दिसत नाही, कडेनं उजेड आला की दिसते. धाकटी मात्र शेल्याची घडी अशी घालते की चुणी नेमकी वर येते. का, ते तिलाच विचारा.