रात्री साडेबाराचा मेनू

म्हापशात आमची छोटी प्रेस सुरू झाली तेव्हा मी, बायको आणि एक मुलगा, एवढेच आम्ही होतो. लग्नपत्रिका, बिलबुकं, देवस्थानांची जत्रेची पत्रकं यांवर गाडी चालायची. मग किनाऱ्यावरच्या हॉटेलांचे मेनू यायला लागले. पैसा बरा होता, पण त्यासोबत रात्रही आली.

आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे कांदोळीकडचे एक हॉटेलवाले. आम्ही त्यांना पात्रांव म्हणतो. माणूस सज्जन, पैसे वेळेवर देणारा. फक्त त्यांचं किचन साडेअकराला बंद होतं, गल्ला मोजून ते बाहेर बसतात आणि तेव्हा त्यांना मेनू आठवतो. पहिल्या वेळी मी रात्री एकला उत्तर दिलं, वर हसरा चेहराही टाकला. सवय मीच लावली, हे कबूल करायला मला दोन वर्षं लागली.

डोळे उघडले ते एका चुकीमुळे. रात्री साडेबाराला निरोप आला, ‘विसवण थाळी 450 करा.’ मी अर्धवट झोपेत वाचून ‘हो’ लिहिलं. मागून त्यांनी आवाजी निरोप पाठवला, ‘राहू द्या, जुनाच दर ठेवा.’ तोही मी उघडला असणार, कारण सकाळी तो न वाचलेल्यांत नव्हता. साठ मेनू लॅमिनेट होऊन गेले, 450 लिहिलेले. दोघंही आपापल्या जागी बरोबर होतो आणि खर्च माझा झाला. रात्री निरोप उघडला की सकाळी तो हरवतो, हे तेव्हा कळलं.

बोलायचं कधी, यावर घरात बरीच चर्चा झाली. बायको म्हणाली, निरोपाला निरोपाने उत्तर देऊ नका, समोर जा. दुपारी चारला गेलो, तेव्हा त्यांचं जेवण आटोपलेलं असतं. मी म्हटलं, ‘पात्रांव, तुम्ही रात्री कितीही वाजता लिहा, मला राग नाही. पण सात वाजल्यानंतर मी उघडणार नाही, झोपेत चूक होते आणि ती तुमच्या मेनूवर जाते. सकाळी दहाच्या आत उत्तर माझं. अकराच्या आत नक्की झालेला बदल त्याच दिवशी मशीनवर.’ ते म्हणाले, ‘आणि अर्जंट असलं तर?’ तो प्रश्न येणार हे माहीत होतं. ‘छपाईला गेलेलं काम थांबवायचं असेल तर फोन करा, निरोप नको. बाकी सगळं सकाळी.’ अर्जंट म्हणजे काय हे तिथेच ठरलं, हे बरं झालं. नाहीतर अक्षराचा रंगही अर्जंट असतो.

मग दुकानाच्या फोनवर WhatsApp Business मध्ये Away message लावला, वेळ Outside of business hours ठेवली. मजकूर असा: ‘नमस्कार. आपला निरोप मिळाला. प्रेस सकाळी साडेनऊला उघडते, दहाच्या आत उत्तर देतो. छपाई थांबवायची असल्यास कृपया फोन करा.’ ‘क्षमस्व’ मुद्दाम घातलं नाही. माफी मागितली की पुढचा माणूस सवलत मागतो.

पहिल्याच रात्री फजिती झाली. मी फोन घरी आणून नेट बंद करून झोपलो. फोनला नेट नसेल तर तो निरोप जातच नाही. पात्रांवना नुसती एक टिक दिसली, त्यांना वाटलं मी रुसलो. तेव्हापासून तो फोन दुकानातच चार्जरला, वायफायवर असतो आणि घरी माझा वेगळा.

पहिल्या आठवड्यात त्यांनी दोनदा प्रश्नचिन्हं पाठवली आणि एकदा रात्री पाऊणला माझ्या घरच्या फोनवर फोन केला, ‘सोलकढी’चा ‘ढी’ मोठा करा म्हणून. मी उचलला आणि विचारलं, ‘मशीनवर आहे का हे काम?’ ‘नाही.’ ‘मग सकाळी पहिलं तुमचंच.’ आवाज चढवला नाही. दुसऱ्या दिवशी नऊ पस्तीसला त्यांना सुधारलेलं प्रूफ गेलं. माझ्या मते सगळं या नऊ पस्तीसवर टिकलं. सकाळचं उत्तर बारापर्यंत लांबलं असतं, तर रात्रीचे निरोप परत सुरू झाले असते.

एक पथ्य मलाही पाळावं लागलं. रात्री काही सुचलं तर मी वहीत टिपतो, त्यांना पाठवत नाही. एकदा अकराला पाठवलं आणि क्षणात उत्तर आलं, सोबत तीन नवे बदल.

नाताळ ते 31 डिसेंबर मात्र रात्र टाळता येत नाही. त्या दिवसांसाठी कोटेशनवर वेगळी ओळ घालतो: सातनंतरचं काम दीडपट दराने, आधी सांगून. नव्या गिऱ्हाइकाला कामाची वेळ अॅडव्हान्स घेण्याआधीच दाखवतो. एकाने ती वाचून काम दुसरीकडे नेलं. पात्रांवनी त्या वर्षी दीडपट दर वाचला, हिशेब केला आणि 31 डिसेंबरचा मेनू 20 तारखेलाच पक्का करून दिला.