फोटोतली भिंत आणि बाराशे विटा

फोटो पाठवायचा आणि खाली लिहायचं, "किती लागतील ओ विटा?" बास, एवढंच. भिंत अजून बांधायचीय, तिथं सध्या गवत, एक उलटी पडलेली बादली आणि तारेचं कुंपण आहे, पण विचारणाऱ्याला भिंत दिसत असते आणि आपल्यालाही ती दिसावी अशी त्याची अपेक्षा असते. मी इस्टिमेटचं काम करतो म्हटल्यावर नातेवाईकांत हे चालायचंच, लग्नात किती पानं उठतील ते एखाद्या जाणत्या मामालाच विचारतात तसं.

यावेळी फोटो भाच्याचा होता. दाजींचा पाचगावला प्लॉट आहे, त्याच्या रस्त्याकडच्या बाजूला कंपाउंड घालायचंय. भाचा म्हणतो, "मामा, आकडा टाका की, आबांना फॉरवर्ड करतो." आबा म्हणजे कॉन्ट्रॅक्टर. मी म्हटलं आबांना मेसेज मीच करतो, तू फक्त टेप घेऊन परत प्लॉटवर जा.

कारण असं की फोटोत माप घ्यायला गेलं की फसायला होतं. त्यानं फोटो कोपऱ्यावर उभा राहून तिरका काढलेला, त्यामुळं कुंपणाचे जवळचे दोन खांब स्क्रीनवर अंगठ्याएवढ्या अंतरावर आणि टोकाचे दोन नखाएवढ्या. जवळच्या खांबाच्या हिशोबानं पट्टी लावून पुढं मोजत गेलो असतो तर तीस फुटाची भिंत पंधरा-सोळा फुटातच संपली असती. पण तिरका असो नाहीतर सरळ, फोटोत मोजदाद करायला काही अडत नाही, खांब लांबचा म्हणून बारीक दिसेल पण दोनाचा एक होणार नाही. म्हणून फोटो झूम करायचा आणि मोजत बसायचं. सिमेंटचे सहा खांब दिसले. आता इथं घाईत माणूस सहा धरतो, पण सहा खांबांत गाळे पाचच! एका गाळ्याला भाच्यानं टेप लावली, सहा फूट भरली, म्हणजे लांबी तीस फूट. (कुंपणवाले पहिला खांब मोजून रोवतात आणि पुढचे अंदाजानं, हे मला माहीत आहे, म्हणून त्याला मधला गाळापण मोजायला लावला, दोन इंचाचा फरक निघाला, चालतंय.)

उंचीला तर फोटोतच चांगली सोय होती. दाजींना शेजाऱ्याच्या कंपाउंडएवढीच उंची पाहिजे, आणि शेजाऱ्यानं बाहेरून प्लास्टर केलेलंच नाही, विटा उघड्या. देव भलं करो त्याचं. खालपासून वरपर्यंत थर मोजले, सतरा. भाच्याला म्हटलं दहा थरांना मिळून टेप लाव, एका थराला लावू नको, कारण एका थरात पाव इंच चुकलं तर ते सतरापट होतं. दहा थर पस्तीस इंच. म्हणजे एक थर साडेतीन, तीन इंचाची वीट आणि अर्धा इंच माल, आणि सतरा थर म्हणजे पाच फुटाला अर्धा इंच कमी.

पुढचा हिशोब सोपाय. वीट नऊ बाय चार बाय तीनची धरली तर भिंतीच्या तोंडावर एक वीट तिच्या सांध्यासकट साडेनऊ बाय साडेतीन इंच जागा खाते, म्हणजे चार इंची भिंतीला एका स्क्वेअर फुटात ४.३३ विटा आणि नऊ इंची भिंतीला त्याच्या दुप्पट, ८.६६. तीस फुटातनं गेटचे तीन गेले, राहिले सत्तावीस, गुणिले पाच, १३५ स्क्वेअर फूट. त्याला ८.६६ नं गुणलं की ११७०.

आकडा आला म्हणजे मेसेज झाला असं नाही. आबांना नुसतं "१२००" पाठवलं असतं तर आबांनी भट्टीवर फोन लावून बाराशे सांगितल्या असत्या आणि मग कमी पडल्या की सगळे माझ्याकडं बघणार. कॉन्ट्रॅक्टरला आकड्यापेक्षा तो कशावर उभा आहे ते कळायला पाहिजे, म्हणजे साइटवर त्यातलं काही वेगळं निघालं तर आकडा कुठं हलवायचा ते त्याचं त्याला समजतं. म्हणून मी लिहिलं ते असं:

"आबा नमस्कार. पाचगावच्या कंपाउंडच्या विटा, फोटोवरनं काढलेला अंदाज आहे. लांबी ३० फूट, त्यात गेट ३ फूट वजा. उंची जमिनीच्या वर ५ फूट. भिंत ९ इंची. वीट ९ × ४ × ३ आणि सांधा अर्धा इंच धरलाय. विटा साधारण १२००. पाया दगडी धरलाय, जमिनीखालची वीट यात नाही. खाली पण वीटच घालणार असाल तर ९ इंची जाडीला दर फूट खोलीमागं २६० वाढवा. कॉलमची जागा वजा केलेली नाही, ती फुटतुटीला सोडलीय. ऑर्डर द्यायच्या आधी भट्टीवर विटेला टेप लावा आणि साइज कळवा."

पायाचं वाक्य मुद्दाम घातलं. फोटोत जमिनीच्या वरचंच दिसतं आणि बघणारा तेवढीच भिंत धरून चालतो. दोन फूट खाली वीट गेली तर पाचशेवीस विटा मातीत, आणि त्या फोटो कितीही झूम केला तरी दिसणार नाहीत. कॉलमचं म्हणाल तर टोकाचे दोन आणि गेटचे दोन, नऊ-नऊ इंचाचे, त्यांच्या जागेच्या विटा होतात १३० च्या आसपास. ट्रॉलीतनं उतरवताना फुटतात, अर्ध्या करताना भलतीकडंच तुटतात, थोड्या गवंडी परांचीखाली टेकू लावायला नेतो, त्यात जातात त्या.

आबांनी आधी नुसता अंगठा पाठवला. मला वाटलं झालं, वाचलंच नाही यांनी. पण संध्याकाळी एक फोटो आला, तळहातावर वीट आणि वर टेप, खाली व्हॉइस मेसेज, "साहेब, ह्यो माल साडेआठचा हाय, जाडी पावणेतीन. आता पावसाच्या तोंडावर दुसरा मिळंना झालाय. घिऊ का नको?"

बघा, अर्धा आणि पाव इंच, हातात घेतली तर कुणाला कळणारसुद्धा नाही. पण सांध्यासकट नऊ बाय सव्वातीन झाली की नऊ इंची भिंतीला एका स्क्वेअर फुटात ८.६६ च्या जागी ९.८५ विटा बसतात आणि त्याच १३५ फुटाला १३३० लागतात. एकशेसाठ जास्त! मी खांब आणि थर मोजण्यात जेवढा जीव घातला त्यातली सगळी चूक एकत्र केली तरी एवढी भरली नसती. शिवाय भाव हजारी असतो, वीट लहान म्हणून हजाराचा भाव तोच लावला तर ते दाजींच्या खिशातनं, आणि सांधे वाढले की सिमेंट-वाळूपण वाढते.

आबांना उलट मेसेज केला, "घ्या, पण १३५० सांगा, आणि भाव त्या साइजचा करा. थर शेजारच्या भिंतीला जुळणार नाहीत, १८ थरांत दीड इंच कमी पडेल, तो वरच्या कोपिंगमध्ये काढा."

यावर मात्र लगेच उत्तर आलं, "भाव आधीच पाडलाय साहेब. गेटवाल्याला उंची सांगून ठेवा तेवढी."