उंची-अंतराची उदाहरणे आणि कोणती नित्य समानता घ्यायची याचा घोळ : माझा अनुभव

मी व्यवसायाने वायरमन आहे आणि शाळा सुटल्यानंतर एकोणीस वर्षांनी 17 नंबरचा अर्ज भरून दहावीच्या परीक्षेला बसलो. बीजगणित मला जमत होते. भूमितीच्या पुस्तकातील सहावे प्रकरण, म्हणजे त्रिकोणमिती, मात्र बरेच दिवस अडून राहिले. या प्रकरणात आधी तीन नित्य समानता सिद्ध करून दिल्या आहेत आणि त्यानंतर लगेच उन्नत कोन, अवनत कोन आणि उंची-अंतराची उदाहरणे येतात. या क्रमामुळे माझा असा समज झाला की प्रत्येक उदाहरणात त्या तिघींपैकी एक वापरावीच लागते आणि आपले काम फक्त ती ओळखण्याचे आहे.

त्यामुळे पहिल्याच सरावात मी फसलो. 6 मीटर लांबीची शिडी जमिनीशी 60° कोन करून भिंतीला टेकली आहे, तर तिचे वरचे टोक किती उंचीवर आहे, असे उदाहरण होते. मी आधी sin²θ + cos²θ = 1 लिहून अर्धे पान भरले, आणि त्यातून फक्त 1 = 1 एवढेच हाती लागले. मग उंची विचारली की टॅन घ्यायचा असे कोणीतरी सांगितलेले आठवले, म्हणून 6 ला √3 ने गुणले आणि 10.39 मीटर असे उत्तर काढले. ते लिहिताना मलाच हसू आले, कारण रोज शिडी खांद्यावर टाकून फिरणाऱ्या माणसाला 6 मीटरची शिडी 10 मीटरवर पोहोचत नाही हे सांगावे लागत नाही. शिडी हा कर्ण आहे आणि काटकोन त्रिकोणात कर्णापेक्षा मोठी बाजू असू शकत नाही. येथे कर्ण दिला होता आणि कोनाची संमुख बाजू हवी होती, म्हणून साइन घ्यायला हवा होता : 6 × √3/2 = 3√3, म्हणजे सुमारे 5.2 मीटर. कोन अंशांत दिलेला असेल तर त्याची गुणोत्तरे कोष्टकात तयारच असतात, तेव्हा नित्य समानतेची गरज नसते, हे मला या उदाहरणाने शिकवले.

मग ती लागते कुठे? याचे उत्तर मोडलेल्या झाडाच्या उदाहरणात सापडले. 18 मीटर उंचीचे झाड वादळात मोडले, मोडलेला भाग खोडापासून सुटला नाही आणि शेंडा बुंध्यापासून 12 मीटर अंतरावर जमिनीला टेकला, तर झाड किती उंचीवर मोडले? यात कोन दिलेलाच नाही. शेंडा जमिनीशी करतो तो कोन θ आणि उभ्या राहिलेल्या खोडाची उंची x मानली, की मोडलेला भाग 18 − x होतो. मी सवयीप्रमाणे साइन आणि कॉस लिहिले, आणि दोन्हींच्या छेदात 18 − x आले. उदाहरण तसेही सुटते, पण माझी वर्गविस्तारात चिन्हे चुकली आणि उत्तर ऋण आले.

संध्याकाळच्या वर्गाला शिकवणाऱ्या बाई माझ्यापेक्षा वयाने लहान आहेत. त्यांनी वही पाहिली आणि एवढेच विचारले, “दादा, तीनपैकी कोणती बाजू तुम्हाला नक्की माहीत आहे?” मी म्हणालो, जमिनीवरची, 12 मीटर. “मग छेदात तीच ठेवा ना. माहीत नसलेली बाजू छेदात कशाला घेता?”

त्या रात्री मी तिन्ही नित्य समानतांच्या सिद्धता पुन्हा वाचल्या, आणि त्या वेगवेगळ्या गोष्टी नाहीतच हे लक्षात आले. पायथागोरसचे एकच समीकरण आहे. त्याला कर्णाच्या वर्गाने भागले की sin²θ + cos²θ = 1 मिळते, लगतच्या बाजूच्या वर्गाने भागले की 1 + tan²θ = sec²θ मिळते आणि संमुख बाजूच्या वर्गाने भागले की 1 + cot²θ = cosec²θ. प्रत्येकीतला तो 1 म्हणजे जिने भागले ती बाजू. म्हणून जी बाजू माहीत आहे ती 1 च्या जागी बसेल अशी नित्य समानता निवडायची. कर्ण माहीत असेल तर पहिली, जमिनीवरचे अंतर माहीत असेल तर दुसरी आणि उंची माहीत असेल तर तिसरी, अर्थात कोन जमिनीजवळचा घेतला असेल तर.

झाडाचे उदाहरण आता असे झाले : tan θ = x/12 आणि sec θ = (18 − x)/12. दोघांची बेरीज केली की x उडून जातो आणि sec θ + tan θ = 18/12 = 3/2 उरते. दुसरी नित्य समानता sec²θ − tan²θ = 1 अशी लिहिली की तिचे (sec θ + tan θ)(sec θ − tan θ) = 1 असे अवयव पडतात, म्हणून sec θ − tan θ = 2/3. वजाबाकी केल्यावर 2 tan θ = 5/6, tan θ = 5/12 आणि x = 5 मीटर. मोडलेला भाग 13 मीटर. 5, 12 आणि 13 हे त्रिकूट ओळखीचे असल्यामुळे पडताळा वेगळा घ्यावा लागला नाही.

हे अवयव पाडणे हाच नित्य समानतेचा खरा फायदा आहे असे मला वाटते. प्रश्नात दोन अज्ञात बाजूंची बेरीज किंवा फरक दिलेला असेल तर ते लगेच उपयोगी पडते. पक्के करण्यासाठी मी माझ्याच धंद्यातले एक उदाहरण तयार केले : खांब 8 मीटर उंच आहे, त्याच्या टोकापासून जमिनीपर्यंत ओढलेली स्टे वायर ही खांब आणि खुंटी यांमधील अंतरापेक्षा 4 मीटरने जास्त आहे. येथे उंची माहीत आहे, म्हणून कोसेक आणि कॉट. cosec θ − cot θ = 4/8 = 1/2, म्हणून cosec θ + cot θ = 2, त्यावरून cosec θ = 5/4 आणि वायर 10 मीटर, अंतर 6 मीटर. येथे टॅन आणि सेक घेतले असते तर अज्ञात अंतर छेदात गेले असते आणि झाडाच्या पहिल्या प्रयत्नासारखीच गत झाली असती.

सराव चाचणीत मात्र एक उदाहरण या नियमात बसेना. मनोऱ्याच्या पायथ्यापासून एकाच सरळ रेषेत 9 मीटर आणि 16 मीटरवर दोन बिंदू आहेत आणि तेथून टोकाचे उन्नत कोन परस्परांचे कोटिकोन आहेत, तर उंची काढा. मी सेक लिहायला घेतला आणि थांबलो, कारण प्रश्नात कर्णाचा, म्हणजे दृष्टिरेषेच्या लांबीचा, कोठेही उल्लेख नव्हता. कर्ण दिलेलाही नाही आणि विचारलेलाही नाही, तर वर्गांच्या त्या तीन समानता कशाला? जवळच्या बिंदूपाशी tan θ = h/9 आणि दूरच्या बिंदूपाशी tan (90° − θ) = h/16. दुसरे गुणोत्तर म्हणजेच cot θ, आणि टॅन व कॉट यांचा गुणाकार 1. म्हणून h² = 144 आणि h = 12.

बाईंनी त्या उत्तराचा अर्धा गुण कापला, कारण मी 12 च्या पुढे मीटर लिहिले नव्हते.