अडथळ्यांची वाट, तिसरी मांडणी: पाठीमागचं अर्धं शरीर

मागच्या नोंदीत लिहिलं होतं की मुलांच्या वाटेतला रांगायचा बोगदा जमला, आता शिडी करायची. पण बोगदा जमला नव्हता, हे पुढच्याच रविवारी कळलं.

ज्यांनी आधीचं वाचलेलं नाही त्यांच्यासाठी: सिंहगड रोडवरच्या आमच्या सोसायटीत पावसाळ्यात मुलांना खाली खेळता येत नाही, म्हणून क्लबहाऊसच्या हॉलमध्ये दर रविवारी सकाळी मी ही वाट मांडते. मुलं सहा, वय तीन ते पाच. रांगणं, चढणं-उतरणं आणि फळीवरून चालणं, एवढंच त्यात आहे.

बोगदा म्हणजे रांगण्यासाठी समोरासमोर खुर्च्या ठेवून मधे इलॅस्टिक ताणलं होतं, जमिनीपासून ४० सेंटिमीटरवर, आणि त्याला तुळशीबागेतून आणलेली घुंगरं बांधली होती. न वाजवता खालून जायचं, हा खेळ. जवळजवळ सगळ्यांचं डोकं आणि खांदे अगदी अलगद पार व्हायचे, आणि मग घुंगरं वाजायची. माझी लेक चार वर्षांची आहे. तिसऱ्या फेरीनंतर तिने मागे वळून विचारलं, "आई, मागून कोण वाजवतंय?"

तिथे मला सगळं दिसलं. डोकं पलीकडे गेलं की तिच्या लेखी ती पार झालेली असते. समोर मोकळं दिसतं, ती उठायला लागते, आणि कंबर अजून इलॅस्टिकखालीच असते. जे डोळ्यांना दिसत नाही ते शरीर या वयात हिशेबात धरलं जात नाही. टेबलाखालून बाहेर येताना मुलं पाठ आपटून घेतात, तेही यामुळेच.

दोष माझ्या मांडणीचा होता. एकच दोरी म्हणजे एकच क्षण सांभाळायचा. आता चार इलॅस्टिकं लावली आहेत, एकमेकांपासून ३० सेंटिमीटरवर, म्हणजे सलग ९० सेंटिमीटर. रांगणाऱ्या चार वर्षांच्या मुलाची डोक्यापासून पावलांपर्यंतची लांबी साधारण तेवढीच भरते. डोकं शेवटच्या दोरीबाहेर आलं तरी पाय पहिल्या दोरीपाशी असतात, त्यामुळे पूर्ण बाहेर येईपर्यंत खाली राहावंच लागतं.

दुसरा बदल जास्त उपयोगी ठरला. जुन्या परकराच्या कापडाची छोटी पिशवी शिवली, त्यात २०० ग्रॅम ज्वारी भरली आणि रांगताना ती कमरेवर ठेवायला लागले. कंबर उचलली की पिशवी घरंगळत मानेकडे येते. मुलाला मागे काय चाललंय ते वजनावरून कळतं, मला काहीच बोलावं लागत नाही. दोन रविवारांत लेकीची कंबर खाली राहायला लागली. तीन वर्षांच्या मुलाला मात्र पिशवी फार झाली, तो तिच्याकडेच बघत बसायचा. त्याला ती नको, इलॅस्टिक ४५ सेंटिमीटरवर आणि बाकी काही नाही. उलट ३० वर आणलं की सगळीच मुलं पोटावर सरपटतात. ते वेगळं काम आहे, दोन्ही एकाच दिवशी घेऊ नका.

इलॅस्टिक खुर्चीला गाठ मारून बांधू नका, ही कळकळीची विनंती. एक टोक कपड्याच्या चिमट्यात धरा. पळत येणाऱ्या मुलाच्या गळ्याशी दोरी आली तर चिमटा सुटला पाहिजे. मी प्रत्येक वेळी मांडल्यावर हाताने ओढून बघते.

आता शिडी. आकार उलट्या व्हीचा, दोन्ही बाजूंनी चढता येणारा. बुडापेस्टच्या बालरोगतज्ज्ञ एमी पिकलर यांच्या नावाने ओळखला जाणारा त्रिकोण तुम्ही पाहिला असेल, त्याच जातीचा. त्यांचं एक तत्त्व मी जसंच्या तसं पाळते: मूल स्वतः जिथे पोचू शकत नाही तिथे त्याला उचलून ठेवायचं नाही. जो चढून गेला त्याला निदान वाटेचा अंदाज असतो.

भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून लाकूड आणलं, दांडे ३ सेंटिमीटर व्यासाचे, छोट्या मुठीत नीट बसणारे. तिरपी बाजू ८५ सेंटिमीटर. पहिल्यांदा पाच दांडे बसवले होते. ८५ मधून दांड्यांचे १५ गेले, उरलेल्या ७० च्या सहा फटी, म्हणजे प्रत्येक फट जवळजवळ १२ सेंटिमीटर. दिसायला छान होती. पण खेळाच्या साधनांच्या सुरक्षेचा नियम असा आहे की ९ ते २३ सेंटिमीटरमधली फट ठेवायची नाही, कारण त्यातून मुलाचं धड पायांकडून निसटून जातं आणि डोकं अडकतं. ९ सेंटिमीटरचा ठोकळा कापून फटीत घातला, तो आरपार गेला. शिडी त्याच दिवशी खोलली.

आता सात दांडे आहेत. ८५ मधून २१ गेले, उरलेल्या ६४ च्या आठ फटी, प्रत्येकी ८. ठोकळा जात नाही, पावलाची बोटं मात्र आरामात जातात.

चढायला कुणालाच अडचण आली नाही. उतरताना पुन्हा तेच पाठीमागचं शरीर. पाय न बघता खालचा दांडा शोधायचा असतो, आणि मुलं तिथे थिजतात. मोठ्यांचा हात आपोआप पुढे जातो आणि पाऊल धरून दांड्यावर ठेवतो. शेजारच्या आजी मायेने तेच करत होत्या. मी त्यांना म्हटलं, "आजी, हात जवळ असू द्या, पण पाय त्यालाच शोधू द्या." आम्ही फक्त "पोट लाकडाला" आणि "अजून खाली" एवढंच म्हणतो. फटी सारख्या असल्या की दोन-तीन दांड्यांनंतर पायाला अंतर कळतं.

आणि इथेच मी एक घोळ करून ठेवला. पडलं तर लागू नये म्हणून ५ सेंटिमीटरची फोमची गादी शिडीच्या आतपर्यंत सरकवली. सगळ्यात खालची ८ ची फट ३ ची झाली. एका मुलाची बोटं दांडा आणि गादीच्या मधे दबली. फार लागलं नाही, पण त्या दिवशी तो परत चढला नाही. आता शिडीच्या पायांना खालून ५ सेंटिमीटरचे लाकडी ठोकळे स्क्रूने बसवलेत, गादी त्यांच्या मधून जाते आणि शेवटची पायरी बाकीच्यांसारखीच उरते. गादीखाली रबरी मॅट आहे, नाहीतर फरशीवर ती सरकते.

फळीवर या वेळी थोडंच काम झालं. १२ सेंटिमीटर रुंद, ६ सेंटिमीटर उंच, सगळे अनवाणी. मोठ्यांनी हात धरला की मूल त्या हातावर रेलतं आणि तोल आपला राहत नाही, म्हणून हात धरणं बंद. पुढच्या टोकाला त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर एक चित्र चिकटवलंय, त्यामुळे नजर पावलांवरून उठते.

पुढच्या रविवारी उलटं चालणं. फळीवर नाही, जमिनीवर. अंगठ्याएवढा जाड सुती दोर सरळ पसरून टेपने चिकटवणार आहे. दोर तळव्याला लागतो, म्हणून मागे न बघता पाऊल त्यावर ठेवता यावं. काल रात्री लेकीने हॉलमध्ये नुसत्या फरशीच्या रेघेवर तीन पावलं मागे टाकली, मग थांबून म्हणाली, "आई, रेघ संपली का?" रेघ संपली नव्हती. तिला ती फक्त जाणवत नव्हती.