ओडी की ओडब्ल्यू?

आज एक प्रिस्क्रिप्शन हातात घेऊन पाच मिनिटं नुसती बघत बसले. मेथोट्रेक्सेट ७.५ एमजी, पुढचं अक्षर ओडी, म्हणजे रोज एकदा, की ओडब्ल्यू, म्हणजे आठवड्यातून एकदा, कळेचना. संधिवातासाठी ही गोळी आठवड्यातून एकदाच घेतात, रोज घेतली तर रक्तपेशी बनणंच थांबतं, तोंड सोलतं, जीवावर बेततं, म्हणून अंदाजाने द्यायचीच नाही.

डॉक्टरांना मेसेज केला, "सर, आजच्या पेशंटचं मेथोट्रेक्सेट ७.५ एमजी आठवड्यातून एकदाच ना? वार कुठला लिहू? फॉलिक ॲसिड दुसऱ्या दिवशी द्यायचं का? तुमचं उत्तर येईपर्यंत औषध देत नाहीये."

काकू बाकावर बसून राहिल्या, बिचाऱ्या. वीस मिनिटांनी उत्तर आलं, "आठवड्यातून एकदाच, रविवारी. फॉलिक सोमवारी." पाकिटावर मोठ्या अक्षरात 'फक्त रविवारी' लिहिलं आणि काकूंकडून दोनदा वदवून घेतलं.