मुखपृष्ठावरचा बी१

"मॅडम, माझं फ्रेंचचं ए२ झालंय, सत्तरच्या वर मार्क आहेत. आता बी१साठी कोणतं पुस्तक घेऊ? की सरळ एखादा ऑनलाइन कोर्स करू?"

पुस्तकाचं नाव सांगण्याआधी मला तुमची डेल्फची, म्हणजे ए१, ए२, बी१ अशा पातळ्यांवर होणाऱ्या फ्रेंच परीक्षेची, गुणपत्रिका बघायची असते. एकूण मार्कांशी मला फारसं देणंघेणं नाही. ऐकणं, वाचणं, लिहिणं आणि बोलणं अशा चार भागांना प्रत्येकी २५ मार्क असतात. एकूण ५० मिळाले आणि कुठल्याही भागात ५च्या खाली गेला नाहीत की तुम्ही पास. त्यामुळे ए२ पास झालेल्या दोन विद्यार्थ्यांची फ्रेंच एकमेकांपासून कितीतरी लांब असू शकते.

अलीकडेच एका मुलीने मला तिची गुणपत्रिका दाखवली. वाचन २२, लेखन २०, बोलणं १९, ऐकणं १०. बेरीज ७१. आपल्याकडे, विशेषतः शाळेत फ्रेंच घेऊन दहावीला भरघोस मार्क मिळवलेल्या मुलांत, हे चित्र नेहमी दिसतं. व्याकरण पक्कं, धातू चालवून दाखवतील, उतारा सहज वाचतील; पण कानांनी फ्रेंच फार कमी ऐकलेली असते, आणि ऐकली तीही बाईंच्या तोंडून, सावकाश. या मुलीने नुसतंच बी१चं पुस्तक घेतलं असतं तर वाचनाचे धडे तिला आवडले असते आणि ध्वनिफिती आल्या की तिने सरळ मागची छापील संहिता उघडली असती. मग ऐकण्याचा तासही वाचनाचाच होतो, आणि पुस्तक संपलं तरी कान ए२च्या अलीकडेच राहतात.

मुखपृष्ठावरच्या पातळीचा अर्थही समजून घ्यायला हवा. पुस्तकावर बी१ लिहिलेलं असतं ते पुस्तक संपवल्यावर तुम्ही जिथे पोचायचं त्या जागेचं नाव. ते पुस्तक हातात घेताना तुमचं ए२ पूर्ण आहे असं लेखकांनी धरलेलं असतं. म्हणजे पासे कोंपोझे आणि आंपारफे हे दोन भूतकाळ एकाच गोष्टीत मिसळून वापरता येतात, 'त्याला', 'तिला', 'ते' यांची सर्वनामं क्रियापदाच्या आधी आपोआप बसतात, साधा भविष्यकाळ अडत नाही. हे हाताशी नसेल तर बी१मध्ये सुबजाँक्तीफ ही क्रियापदाची नवी रूपं आणि जर-तरची वाक्यं आली की पहिल्या महिन्यातच दम लागतो.

बहुतेक मालिकांत हे क्रम सरळ आहेत. आल्तेर एगो प्लुस किंवा कॉस्मोपोलीत घेतलंत तर तिसरा भाग बी१चा; एदितोच्या मुखपृष्ठावर पातळीच छापलेली असते. यांतलं कोणतं घ्यावं यावर मी फार वेळ घालवत नाही, तिन्ही चांगली आहेत. फसगत होते ती व्याकरणाच्या पुस्तकांत. ग्रामेर प्रोग्रेसिव्हच्या मधल्या भागावर 'आँतेरमेदिएर' असं लिहिलेलं असतं, आणि मधला म्हणजे बी१ अशी समजूत करून घेतात. तो भाग ए२ आणि बी१ दोन्हींसाठी आहे. खरं तर तुमच्यासाठी ही सोयच आहे, कारण ए२मध्ये कच्चं राहिलेलं त्यातच भरून निघतं. फक्त उत्तरांची पुस्तिका वेगळी विकत मिळते, ती सोबत घ्या. एकट्याने अभ्यास करणाऱ्याला तिच्याशिवाय ते पुस्तक निम्मंच उपयोगी पडतं.

दुकानात किंवा प्रकाशकाच्या संकेतस्थळावर नमुन्याचा धडा मिळाला तर पहिला धडा बघू नका. पहिल्या धड्यात सगळ्यांनाच सोपं वाटावं म्हणून ए२ची उजळणी असते. पुस्तकाच्या मध्यावरचा धडा उघडा, त्यातला एक ध्वनिमुद्रित तुकडा संहिता न बघता दोनदा ऐका, आणि मग मराठीत सांगून बघा: कोण बोलतंय, कशाबद्दल, आणि त्याचं म्हणणं काय आहे. तपशील निसटले तरी एवढं सांगता आलं तर पुस्तक योग्य. नुसते सुटे शब्द हाती लागले तर ऐकण्यासाठी एक पायरी खाली राहा. पहिल्याच खेपेला सगळं कळलं तर त्या पुस्तकावर पैसे घालवू नका.

ऐकण्यात अडतं कुठे, तेही सांगते. ए२च्या ध्वनिफितींत निवेदक 'ज न से पा' असं स्वच्छ, तोडून म्हणतो. बी१पासून रेडिओवरच्या मुलाखती, रस्त्यावरच्या लोकांची मतं असं खरं बोलणं येऊ लागतं, आणि तिथे तेच वाक्य 'शे पा' होतं. 'मला माहीत नाही' एवढं साधं वाक्य, पण ज्याने ते फक्त वहीत पाहिलंय त्याला ओळखू येत नाही. शब्दसंपत्ती वाढवून हे सुटत नाही, रोज ऐकूनच सुटतं.

इथे ऑनलाइन साधनं मनापासून सुचवते. टीव्ही५माँदच्या शिकण्याच्या संकेतस्थळावर ए१ ते बी२ अशी पातळी निवडून छोट्या चित्रफिती आणि त्यांवरचे प्रश्न मिळतात, तेही फुकट. त्या मुलीला मी तिथे ए२ निवडायला सांगितलं, पुस्तक मात्र बी१चं दिलं. आर.एफ.आय. या फ्रेंच रेडिओचं सोप्या फ्रेंचमधलं दहा मिनिटांचं बातमीपत्रही उत्तम आहे. पण नावात 'सोपं' असलं तरी ते ए२वाल्याला जड जातं. बी१चं पुस्तक अर्धं झालं की सुरू करा.

पूर्ण ऑनलाइन कोर्स घ्यायचा असेल तर माझा पहिला प्रश्न असतो, लिहिलेलं कोण तपासणार? डेल्फ ए२मध्ये साठ-साठ शब्दांचे दोन छोटे मजकूर लिहायचे असतात. बी१मध्ये एकच, पण किमान १६० शब्दांचा, आणि त्यात स्वतःचं मत कारणांसकट मांडायचं असतं. तुमच्या गावात गाड्यांना बंदी घातली तर काय, असा विषय समजा. 'मला आवडेल, कारण प्रदूषण कमी होईल' इथपर्यंत ए२वाला पोचतो. त्यापुढे म्हाताऱ्या माणसांनी दवाखान्यात कसं जायचं ही अडचण मान्य करून आपलं मत टिकवणं, ही बी१ची मागणी आहे. योग्य पर्यायावर टिचकी मारण्याच्या सरावातून हे येत नाही. कोर्समध्ये माणसाने तपासलेले निदान सात-आठ निबंध नसतील तर तो बी१चा कोर्स म्हणून घेऊ नका. जोडीचं साधन म्हणून हवा तर घ्या.

दुसरं, तास बघा. ए२वरून बी१ला जायला शिक्षक साधारण दीडशे ते दोनशे तास धरतात. वीस तासांच्या चित्रफितींवर 'बी१' लिहिलेलं असलं तर ती उजळणी आहे, उरलेले तास तुम्हालाच काढावे लागणार.

परीक्षेच्या तयारीचं पुस्तक शेवटच्या दोन महिन्यांसाठी ठेवा आणि जुनं घेताना सांभाळा. २०२०पासून डेल्फचं स्वरूप टप्प्याटप्प्याने बदललं, ऐकण्या-वाचण्याचे प्रश्न आता पर्याय निवडण्याचे असतात. जुन्या बाजारातल्या पुस्तकात उत्तरं लिहून काढायच्या रिकाम्या ओळी दिसल्या तर ते जुन्या स्वरूपाचं आहे. सरावाला चालेल, वेळ लावून सोडवायला नाही.

तुमची गुणपत्रिका पाठवा. ऐकण्यात पंधराच्या वर असाल तर बी१चं पुस्तक आजच मागवायला हरकत नाही.