धारणीपासून पुढचे अकरा किलोमीटर

मेळघाटातील एका द्विशिक्षकी शाळेवर चार दिवस काढून नुकताच परतलो असून, तिकडे रुजू होणाऱ्यांनी पहिली गोष्ट ध्यानात घ्यावी ती ही, की ‘पक्का रस्ता आहे, क्वार्टरही आहे’ या सांगण्यावर विसंबू नये. परतवाड्याहून सेमाडोह, हरिसालमार्गे धारणीपर्यंतचा प्रवास सुखाचा झाला. त्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही. खरा प्रश्न धारणीच्या पुढच्या अकरा किलोमीटरचा. दोन नाल्यांवर फरशी वाहून गेलेली, आणि त्या अंतरासाठी जीपवाल्याने माझ्याकडून सहाशे रुपये घेतले. सीटचा दर पन्नास आहे, हे मला शाळेत पोहोचल्यावर कळले.

क्वार्टर खरोखरच होते, परंतु त्यात शालेय पोषण आहाराच्या तांदळाची पोती रचलेली होती आणि छत गळत होते. तेथील तरुण गुरुजी गावातच एका घराच्या पडवीत राहतात. गंमत अशी, की घरभाडे भत्त्यासाठी मुख्यालयी, म्हणजे शाळेच्याच गावी, राहत असल्याचा ग्रामसभेचा ठराव शिक्षकाने आणायचा. राहण्याजोगे घर आहे काय, याचा ठराव मात्र कोणी मागत नाही.

दुसरे पद रिक्त असल्याने पहिली ते चौथी एकाच खोलीत भरते. पोषण आहाराची नोंद आणि यू-डायस या शासनाच्या शाळा-नोंदणी प्रणालीतील माहिती भरण्यासाठी नेटवर्क लागते, म्हणून गुरुजींना आठवड्यातून एकदा धारणी गाठावी लागते आणि त्या दिवशी शाळा स्वयंपाकीण बाईंवर सोपवली जाते. केंद्रप्रमुख वर्षभरात दोनदा आले, दोन्ही वेळा दप्तर तपासायला.

इथली मुले बोलतात ती कोरकू ही मुंडा कुळातील भाषा. मराठीशी तिचे नाते नाही. पाण्याला ‘डा’ म्हणतात इथपासून सुरुवात करून मुलांशी मोकळेपणाने बोलता येईपर्यंत गुरुजींची दोन वर्षे गेली, आणि आता कुठे पहिलीची मुले उत्तरे देऊ लागली आहेत. नेमके याच टप्प्यावर नियम आडवा येतो. बदली धोरणानुसार अवघड क्षेत्रात ३ वर्षे सेवा झाली की शिक्षक बदलीचा हक्कदार ठरतो. हक्क रास्तच आहे, परंतु चौथ्या वर्षी थांबणाऱ्याला त्याबद्दल वेगळे काहीच मिळत नाही. आदिवासी भागाचा प्रोत्साहन भत्ता २००२ च्या निर्णयाने मूळ वेतनाच्या १५ टक्के ठरला खरा, पण त्याला १५०० रुपयांची कमाल मर्यादा घातलेली. शिवाय तो कोरकू येणाऱ्याला आणि न येणाऱ्याला सारखाच. माझ्या मते मुक्कामाची एक कोरडी खोली, भरलेले दुसरे पद आणि भाषा शिकल्याची सेवापुस्तकात नोंद, एवढ्यावर हे गुरुजी थांबले असते.

जाणाऱ्यांनी ताडपत्री न्यावी, पावसाळ्यात दुपारनंतर नाला ओलांडू नये आणि भाडे आधी ठरवावे. परतताना गुरुजी सोबत होते. त्यांनी जीपवाल्याशी कोरकूत दोन वाक्ये बोलताच मी पन्नास रुपयांत सुटलो. ते धारणीला बदलीचा ऑनलाइन अर्ज भरायला निघाले होते.